दोन प्रकल्पांचा क्रॉसओव्हर दर: तो कसा काढायचा आणि क्रमवारी का उलटते

दोन प्रकल्प समोर आहेत, आणि त्यांपैकी एकच हाती घेता येणार आहे. एकाचा अंतर्गत परतावा दर, म्हणजे आयआरआर, जास्त आहे. दुसऱ्याचे निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही, जास्त आहे. बहुतेक नवखे इथेच अडतात, कारण दोन्ही आकडे बरोबर असूनही ते वेगवेगळ्या प्रकल्पांकडे बोट दाखवतात. त्यात एखाद्याने डिस्काउंट दर थोडा वाढवून पाहिला की एनपीव्हीची क्रमवारीही बदलते, आणि गोंधळ आणखी वाढतो.

हा गोंधळ एका आकड्याने सुटतो. ज्या दराला दोन्ही प्रकल्पांचा एनपीव्ही सारखाच येतो, तो दर शोधायचा. त्याला क्रॉसओव्हर दर म्हणतात. आयर्व्हिंग फिशर या अर्थशास्त्रज्ञाने १९३० साली दोन पर्यायांची तुलना त्यांच्यातल्या फरकावरून करण्याची रीत मांडली, म्हणून काही जण याच दराला फिशर दरही म्हणतात. दर काढणे सोपे आहे. तो काय सांगतो हे समजणे जास्त महत्त्वाचे, म्हणून एक उदाहरण सावकाश पाहू.

आधी दोन्ही प्रवाह शेजारी मांडा

प्रकल्प ‘अ’ आणि प्रकल्प ‘ब’ या दोघांनाही आज १००० गुंतवावे लागतात. ‘अ’ पहिल्या वर्षाच्या शेवटी ७००, दुसऱ्या वर्षी ४०० आणि तिसऱ्या वर्षी १५० देतो. ‘ब’ पहिल्या वर्षी फक्त २०० देतो, दुसऱ्या वर्षी ४००, आणि तिसऱ्या वर्षी एकदम ७५५. ‘अ’ आपले पैसे लवकर मोकळे करतो. ‘ब’ ते अडकवून ठेवतो, पण शेवटी एकूण जास्त परत करतो. नुसती बेरीज केली तर ‘अ’ कडून १२५० मिळतात आणि ‘ब’ कडून १३५५.

आता वेगवेगळ्या दरांना दोघांचा एनपीव्ही काढू. प्रत्येक वर्षाची रक्कम (1 + r) च्या त्या वर्षाइतक्या घाताने भागायची, सगळ्यांची बेरीज करायची आणि त्यातून आजचे १००० वजा करायचे.

| दर | ‘अ’ चा एनपीव्ही | ‘ब’ चा एनपीव्ही | ‘ब’ वजा ‘अ’ |
|---|---|---|---|
| ०% | २५०.०० | ३५५.०० | +१०५.०० |
| ६% | १४२.३२ | १७८.५९ | +३६.२७ |
| १०% | ७९.६४ | ७९.६४ | ० |
| १२% | ५०.६४ | ३४.८४ | −१५.८० |
| १४% | २३.०७ | −७.१७ | −३०.२४ |

१० टक्क्यांच्या खाली ‘ब’ पुढे आहे, वर ‘अ’ पुढे आहे, आणि बरोबर १० टक्क्यांना दोघे एका रेषेत येतात. हाच क्रॉसओव्हर दर. दोघांचे आयआरआरही काढून ठेवू: ‘अ’ चा सुमारे १५.७५ टक्के, ‘ब’ चा सुमारे १३.६५ टक्के. केवळ आयआरआर पाहणारा माणूस प्रत्येक वेळी ‘अ’ निवडेल. भांडवलाचा खर्च ६ टक्के असेल, तर ही निवड त्याला आजच्या मूल्यात ३६.२७ चा तोटा करून देईल.

आता एकातून दुसरा वजा करा

तक्ता भरून दर शोधता येतो, पण तेवढ्याने कारण कळत नाही. कारण कळते ते दोन प्रवाहांची वजाबाकी केल्यावर. ‘ब’ मधून ‘अ’ वजा करू. आज दोघांची गुंतवणूक सारखीच, म्हणून शून्य. पहिल्या वर्षी २०० वजा ७००, म्हणजे उणे ५००. दुसऱ्या वर्षी ४०० वजा ४००, पुन्हा शून्य. तिसऱ्या वर्षी ७५५ वजा १५०, म्हणजे ६०५.

उरले काय, ते नीट पाहा. ‘अ’ सोडून ‘ब’ घेणे म्हणजे पहिल्या वर्षाच्या शेवटी हातात येऊ शकणारे ५०० प्रकल्पातच राहू देणे आणि दोन वर्षांनी त्यांचे ६०५ घेणे. बाकी सगळे दोन्हीकडे सारखे आहे, त्याचा निवडीशी काही संबंध नाही. म्हणजे प्रश्न एवढाच उरला: दोन वर्षांत ५०० चे ६०५ करणारी ठेव आपल्याला हवी आहे का?

या ठेवीचा दर काढायला अवघड गणित लागत नाही. ६०५ ला ५०० ने भागले की १.२१ येतात. १.२१ चे वर्गमूळ १.१०. म्हणजे दर साल १० टक्के. क्रॉसओव्हर दर हा फरकाच्या प्रवाहाचा आयआरआर असतो, तो असा.

हे एकदा लक्षात आले की क्रमवारीचे उलटणे विचित्र वाटत नाही. भांडवल आपल्याला ६ टक्क्यांनी मिळत असेल, तर १० टक्के देणारी ठेव घेण्यात शहाणपण आहे, म्हणून ‘ब’. भांडवलाचा खर्च १४ टक्के असेल, तर १० टक्क्यांवर पैसे अडकवणे तोट्याचे, म्हणून ‘अ’. प्रकल्प तेच आहेत, त्यांचे रोख प्रवाहही तेच आहेत. बदलली ती आपल्या पैशाची किंमत.

हाच ताळा दुसऱ्या बाजूनेही घेता येतो. ‘अ’ निवडणाऱ्याच्या हातात पहिल्या वर्षी ५०० जादा येतात. ते त्याने ६ टक्क्यांनी दोन वर्षे वाढवले तर ५६१.८० होतात, म्हणजे ‘ब’ च्या जादा ६०५ पेक्षा कमी. १४ टक्क्यांनी वाढवले तर ६४९.८० होतात, म्हणजे ६०५ पेक्षा जास्त. दोन्ही वाटांनी उत्तर एकच येते.

पुष्कळ ठिकाणी या विसंगतीचे कारण असे सांगतात की मधल्या रकमा आयआरआरच्याच दराने पुन्हा गुंतवल्या जातात असे आयआरआर गृहीत धरतो. मला हे स्पष्टीकरण नवख्यांसाठी उपयोगाचे वाटत नाही. आयआरआर काढताना अशी कोणतीही पुनर्गुंतवणूक गणितात भरावी लागत नाही. एनपीव्ही शून्य करणारा दर, एवढाच तो आकडा आहे. चूक होते ती दोन वेगवेगळ्या प्रकल्पांचे दोन टक्के समोरासमोर ठेवून जो मोठा तो चांगला म्हटल्यामुळे. फरकाचा प्रवाह काढला की पुनर्गुंतवणुकीचा वाद काढायची गरजच पडत नाही.

‘ब’ ची रेषा जास्त उतरती का असते

दर आडव्या अक्षावर आणि एनपीव्ही उभ्या अक्षावर घेऊन दोघांचे आलेख काढले, तर ‘ब’ ची रेषा वरून सुरू होते आणि भरभर खाली येते. शून्यापासून १० टक्क्यांपर्यंत जाताना ‘ब’ चा एनपीव्ही ३५५ वरून ७९.६४ वर येतो, तर ‘अ’ चा २५० वरून तिथेच. तेवढ्याच दरवाढीत ‘ब’ ने २७५ गमावले आणि ‘अ’ ने १७०.

कारण काळात आहे. दर १० वरून १४ टक्के झाला की एक वर्षाने येणाऱ्या रकमेचे वर्तमान मूल्य साधारण ३.५ टक्क्यांनी घटते, पण तीन वर्षांनी येणाऱ्या रकमेचे १० टक्क्यांहून थोडे अधिक घटते. ‘ब’ चा मोठा भाग तिसऱ्या वर्षात बसलेला आहे, म्हणून दरवाढीचा मार त्याला जास्त बसतो. वरून सुरू होणारी रेषा जास्त तीव्रतेने उतरत असेल, तर कुठेतरी ती दुसरीला छेदू शकते.

स्प्रेडशीटमध्ये कसे करायचे

वरचे उदाहरण मुद्दाम असे घेतले की वर्गमूळ तोंडी निघावे. खऱ्या प्रकल्पांत आठ-दहा वर्षांचे प्रवाह असतात, तेव्हा स्प्रेडशीट लागते. B स्तंभात ‘अ’ चा प्रवाह आणि C मध्ये ‘ब’ चा प्रवाह भरा. दुसऱ्या ओळीत आजची गुंतवणूक उणे चिन्हासह असू द्या, आणि तिसऱ्या ओळीपासून वर्षे. मग D मध्ये फरक काढा आणि त्याचा आयआरआर घ्या.

```
D2:  =C2-B2        (D5 पर्यंत खाली ओढा)
D7:  =IRR(D2:D5)
B8:  =NPV(D7, B3:B5) + B2
C8:  =NPV(D7, C3:C5) + C2
```

D7 मध्ये १० टक्के आले पाहिजेत. B8 आणि C8 हा ताळा आहे: दोन्हींत ७९.६४ दिसले तर दर बरोबर. हे दोन आकडे जुळले नाहीत, तर पुढे जाऊ नका.

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे आजची गुंतवणूकही `NPV` च्या कंसात टाकणे. हे फंक्शन दिलेल्या पहिल्या रकमेलाही एक वर्षाने मागे आणते, त्यामुळे आजची रक्कम बाहेर वेगळी मिळवावी लागते. दुसरी चूक लवकर दिसत नाही. ज्या वर्षी काहीच येणार नाही, त्या वर्षाचा चौकोन रिकामा सोडला तर `NPV` आणि `IRR` तो चौकोन वगळतात आणि पुढच्या सगळ्या रकमा एक वर्ष अलीकडे सरकतात. तिथे स्पष्टपणे 0 लिहावा.

कोणातून कोण वजा करायचा, याने दर बदलत नाही. पण निकाल वाचताना घोळ होऊ नये म्हणून एक शिस्त पाळा. फरकाच्या प्रवाहात शून्य नसलेली पहिली रक्कम उणे येईल, अशा रीतीने वजाबाकी करा. मग तो प्रवाह ‘आधी घाला, नंतर मिळवा’ असा वाचता येतो. त्याचा आयआरआर भांडवलाच्या खर्चापेक्षा जास्त असेल, तर ज्याच्यातून वजा केले तो प्रकल्प घ्यायचा. आमच्या उदाहरणात तो ‘ब’.

गुंतवणूकच वेगळी असेल तर

आत्तापर्यंत दोघांची गुंतवणूक सारखी होती आणि फरक केवळ वेळेचा होता. लहान-मोठ्या प्रकल्पांत हीच गोष्ट आकारामुळे घडते. एक प्रकल्प आज ४०० घेतो आणि वर्षाने ५२० देतो, म्हणजे ३० टक्के. दुसरा १००० घेतो आणि १२०० देतो, म्हणजे २० टक्के. टक्क्यांत लहान प्रकल्प कितीतरी पुढे दिसतो.

वजाबाकी करा: मोठा घेण्यासाठी आज ६०० जादा घालायचे आणि वर्षाने ६८० जादा मिळवायचे. म्हणजे या जादा ६०० वर १३.३३ टक्के परतावा, आणि तोच क्रॉसओव्हर दर. भांडवल १० टक्क्यांचे असेल तर लहान प्रकल्पाचा एनपीव्ही ७२.७३ येतो आणि मोठ्याचा ९०.९१. ३० टक्के कमावणारा प्रकल्प मागे पडतो, कारण तो फक्त ४०० वर कमावतो आणि उरलेल्या ६०० ना १३.३३ टक्क्यांची संधी नाकारतो. भांडवल १६ टक्क्यांचे असेल तर चित्र उलटते: ४८.२८ विरुद्ध ३४.४८.

दर निघाला, पण तो लागू आहे का

क्रॉसओव्हर दर हाती आला की लगेच निर्णयाला लावू नये. आधी पाहायचे की तो निर्णयाच्या क्षेत्रात पडतो की नाही. दोन रेषा जिथे छेदतात, तिथे दोघांचाही एनपीव्ही उणे असेल, तर त्या छेदाला किंमत नाही, कारण तिथे दोन्ही प्रकल्प नाकारायचेच असतात. आमच्या पहिल्या उदाहरणात छेदबिंदूला एनपीव्ही ७९.६४ आहे, म्हणून तो उपयोगाचा. तरीही १४ टक्क्यांना प्रश्न ‘कोण पुढे’ एवढाच राहत नाही: तिथे ‘ब’ स्वतःच उणे आहे, तो एकटा असता तरी घेतला नसता.

आणि दोन्ही प्रकल्प घेता येत असतील, तर क्रॉसओव्हर दर काढूच नका. १२ टक्क्यांना दोघांचाही एनपीव्ही शून्याच्या वर आहे. पैसे आणि जागा असेल तर दोन्ही घ्यावेत. क्रमवारी लागते ती एकाला घेताना दुसरा सोडावा लागतो तेव्हाच.

कधी कधी छेद मिळतच नाही. फरकाच्या प्रवाहातल्या सगळ्या रकमा एकाच चिन्हाच्या असतील, तर एक प्रकल्प दुसऱ्यापेक्षा प्रत्येक दराला सरस आहे, आणि `IRR` तिथे `#NUM!` दाखवते. ती चूक नाही, ते उत्तर आहे.

याहून फसवे म्हणजे दोन छेद मिळणे. फरकाच्या प्रवाहात चिन्ह एकापेक्षा जास्त वेळा बदलत असेल, तर असे होऊ शकते. समजा फरक आज उणे १०००, वर्षाने अधिक २३००, आणि दोन वर्षांनी उणे १३२० आहे. शेवटच्या वर्षी जागा साफ करण्याचा किंवा यंत्रणा उतरवण्याचा मोठा खर्च असेल, तर असा प्रवाह तयार होतो. याचा एनपीव्ही १० टक्क्यांना शून्य येतो आणि २० टक्क्यांनाही शून्य येतो. मधल्या पट्ट्यात तो थोडासा अधिक असतो, बाहेर दोन्हीकडे उणे. `IRR` मात्र एकच आकडा देते, आणि कोणता देईल ते सुरुवातीच्या अंदाजावर अवलंबून असते. दुसरा अंदाज देऊन पाहता येतो, जसे `=IRR(D2:D4, 0.25)`. पण मी सांगेन की अशा वेळी दर शोधण्याच्या मागे लागू नका. ५ ते ३० टक्क्यांपर्यंत एकेक टक्क्याने फरकाचा एनपीव्ही काढून स्तंभ पाहा. चिन्ह कुठे बदलते ते डोळ्यांना दिसते, आणि दिसलेले फसवत नाही.

दोन प्रकल्पांचे आयुष्य वेगळे असेल तेव्हाही जपून. एक तीन वर्षांत संपतो, दुसरा सहा वर्षे चालतो, आणि तीन वर्षांचा संपल्यावर तोच पुन्हा करता येणार आहे. अशा वेळी वजाबाकीत शेवटची तीन वर्षे एका बाजूला रिकामीच राहतात आणि लांब प्रकल्प विनाकारण चांगला दिसू शकतो. आधी लहान प्रकल्प दोनदा मांडून दोघांचा काळ सहा वर्षांचा करा, मग फरक काढा. पुन्हा करता येणारच नसेल, तर मात्र ती वर्षे शून्यच ठेवायची.

शिवाय, ही सगळी पद्धत दोन्ही प्रकल्पांना एकच डिस्काउंट दर लावते. ‘ब’ जास्त जोखमीचा असेल आणि त्याला वेगळा, वरचा दर लावायचा असेल, तर एकाच आडव्या अक्षावर दोघांचा छेद पाहण्याला अर्थ उरत नाही. तेव्हा प्रत्येकाचा एनपीव्ही त्याच्या त्याच्या दराने काढून थेट तुलना करावी.

हा दर किती पक्का आहे ते तपासा

क्रॉसओव्हर दर दोन मोठ्या प्रवाहांच्या लहानशा फरकावर उभा असतो, म्हणून अंदाजातली छोटी चूकही त्याला खूप हलवते. ‘ब’ ची तिसऱ्या वर्षाची रक्कम ७५५ धरली होती. ती फक्त ५ टक्क्यांनी कमी, म्हणजे ७१७.२५ आली असे समजा. आता फरकात ६०५ ऐवजी ५६७.२५ उरतात. त्याला ५०० ने भागले तर १.१३४५, आणि वर्गमूळ सुमारे १.०६५. एका रकमेतल्या ५ टक्क्यांच्या घसरणीने क्रॉसओव्हर दर १० वरून साडेसहा टक्क्यांवर आला.

म्हणून मी नेहमी दोन पट्टे शेजारी ठेवायला सांगतो. एका पट्ट्यात भांडवलाच्या खर्चाचा आपला अंदाज, उदाहरणार्थ ७ ते ९ टक्के. दुसऱ्यात क्रॉसओव्हर दर, सर्वांत शंकास्पद रक्कम ५ टक्के खाली-वर करून. आपल्या उदाहरणात ती रक्कम ५ टक्के वर, म्हणजे ७९२.७५ धरली तर फरक ६४२.७५ होतो आणि दर सुमारे १३.४ टक्क्यांवर जातो. म्हणजे दुसरा पट्टा ६.५ पासून १३.४ पर्यंत पसरला. भांडवलाचा खर्च ५ टक्के असता तर तो या पट्ट्याच्या बाहेर, खाली राहिला असता आणि ‘ब’ निःशंकपणे घेता आला असता. ७ ते ९ हा अंदाज मात्र त्याच्या पोटात बसतो. अशा वेळी एनपीव्हीची क्रमवारी निर्णय देत नाही. तेव्हा चौकशी करायची ती तिसऱ्या वर्षाच्या ७५५ ची: ती रक्कम करारातून येणार आहे की विक्रीच्या अंदाजातून, आणि ती उशिरा आली तर काय. एक वर्ष उशीर झाला तरी त्याच वजाबाकीत ती रक्कम चौथ्या वर्षात सरकवून नवा दर लगेच काढता येतो. पहिल्या वर्षी उणे ५००, तिसऱ्या वर्षी उणे १५०, चौथ्या वर्षी ७५५, आणि दर जेमतेम सहा टक्क्यांच्या आसपास उरतो.